मर्जीचे स्वातंत्र्य आणि हक्काचे स्वातंत्र्य : महार वतनाचा धडा

"आमच्या गावात असलं काही नव्हतं. पाटील देवमाणूस होता. कधी कुणाला वेडंवाकडं बोलला नाही, की कुणावर हात उगारला नाही."

कार्यकर्ता म्हणून गावोगाव फिरताना हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. बोलणारा दर वेळी सवर्णच असतो असे नाही. कधी आपलीच एखादी म्हातारी आजी पदराने डोळे पुसत हेच सांगते आणि ती खोटे बोलत नसते. पाटील खरोखरच चांगला असेल. अडीअडचणीला पायली दोन पायली धान्य देत असेल, लेकीच्या लग्नाला लुगडे देत असेल. मग आपण जेव्हा गुलामगिरी म्हणतो तेव्हा समोरचा विचारतो, "गुलामगिरी कसली? कुणी मारले? कुणी अडवले?"

या प्रश्नाला आपल्यापैकी बरेच जण अत्याचारांची यादी वाचून उत्तर देतात. यादी खरी असते, पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. कारण त्या विशिष्ट गावात, त्या विशिष्ट पाटलाच्या काळात कदाचित खरेच कुणी मारले नसेल. तरीही तिथला महार, मांग, चांभार स्वतंत्र नव्हता, हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. त्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे काय, याची व्याख्याच तपासावी लागते.

आज जी व्याख्या चलनात आहे ती साधी आहे. माझ्या कामात कुणी आडवे आले नाही, म्हणजे मी स्वतंत्र. थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने 1651 साली 'लेव्हायथन' या ग्रंथात ती ठामपणे मांडली. वाटेत बाहेरचा अडथळा नसणे म्हणजे स्वातंत्र्य. या व्याख्येचा त्याने एक मासलेवाईक निष्कर्षही काढला. इटलीतले लुका हे नगर प्रजासत्ताक होते आणि त्याच्या बुरुजांवर 'स्वातंत्र्य' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. हॉब्जचे म्हणणे असे की, म्हणून काही लुकातल्या माणसाला कॉन्स्टँटिनोपलमधल्या सुलतानाच्या प्रजाजनापेक्षा जास्त स्वातंत्र्य मिळत नाही. कायदे दोन्हीकडे आहेत. राज्य राजाचे असो की लोकांचे, कायदा जिथे गप्प बसतो तेवढीच मोकळीक माणसाला असते. पुढे जेरेमी बेंथमनेही हाच धागा ओढला. प्रत्येक कायदा हा स्वातंत्र्यावरचा घाला, भले तो गरजेचा असो. विसाव्या शतकात आयझाया बर्लिनने 1958 च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात जिला नकारात्मक स्वातंत्र्य म्हटले, ती कल्पना याच घराण्यातली.

हॉब्जला उत्तर देणारा माणूस पाच वर्षांतच उभा राहिला. जेम्स हॅरिंग्टनने 1656 साली दाखवले की लुका आणि कॉन्स्टँटिनोपल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुलतानाच्या राज्यातला सगळ्यांत मोठा पाशा घ्या. त्याच्याकडे वाडे, घोडे, नोकर सगळे आहे आणि त्याला कुणी अडवतही नाही. पण त्याचे डोके त्याच्या धडावर आहे ते सुलतानाच्या मर्जीने. उद्या सुलतानाचा मूड फिरला तर विचारणारा कुणी नाही. लुकातला फाटका माणूस मात्र कायद्याखाली आहे, कुणा एकाच्या मर्जीखाली नाही, आणि तो कायदाही त्याच्या नगराने केलेला आहे. म्हणून पाशा गुलाम आणि फाटका माणूस स्वतंत्र.

ही व्याख्या हॅरिंग्टनने शोधली नव्हती. ती रोमन कायद्यातून आलेली होती. तिथे माणसांचे दोनच वर्ग होते : स्वतंत्र आणि गुलाम. गुलाम म्हणजे मार खाणारा असे तिथे म्हटलेले नाही. गुलाम म्हणजे दुसऱ्याच्या सत्तेखाली असलेला. मालक सभ्य असला, दूरदेशी राहत असला, म्हातारा आणि विसरभोळा असला, तरी गुलाम हा गुलामच. आपल्या काळात क्वेंटिन स्किनर या इतिहासकाराने आणि फिलिप पेटिट या तत्त्वज्ञाने ही बुजलेली विहीर पुन्हा उपसली. पेटिटचे 'रिपब्लिकनिझम' हे पुस्तक 1997 चे आहे. त्याचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे : हस्तक्षेप नसणे हे स्वातंत्र्य नव्हे. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसणे हे स्वातंत्र्य. मालक हस्तक्षेप करतो की नाही हा मुद्दाच नाही. मनात आले तर करू शकतो का, आणि केला तर त्याला जाब विचारणारे कुणी आहे का, हा मुद्दा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही कल्पना ज्यांनी मांडली ते रोमन स्वतः गुलाम बाळगत होते. गुलामगिरी म्हणजे काय हे त्यांना नेमके माहीत होते, कारण ती ते रोज लादत होते. बायकाही त्यांच्या स्वातंत्र्यात नव्हत्या. आपल्याकडच्या शाक्य-लिच्छवींच्या गणराज्यांतही दास होतेच. तेव्हा कल्पना युरोपातून आली म्हणून आपण तिला डोक्यावर घेत नाही. ती घेतो ती अशासाठी की ज्यांच्यावर मालकी गाजवली गेली त्यांनीच ती खऱ्या अर्थाने पूर्ण केली.

अशा माणसांत पहिले नाव फ्रेडरिक डग्लसचे. महात्मा जोतिराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांनी मोडलेल्या गुलामगिरीतला हा माणूस. त्याच्या आत्मकथेतला एक प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. डग्लस बाल्टिमोरमध्ये जहाजांच्या फटी बुजवण्याचे काम करायचा. मजुरी त्याची, पण शनिवारी रात्री सगळे पैसे ह्यू ऑल्ड या मालकाच्या हातावर ठेवायचे. सहा डॉलर आणून दिले की मालक खूश होऊन कधी त्यातले सहा सेंट परत द्यायचा. डग्लस लिहितो की त्या सहा सेंटांनी त्याला जास्तच वाईट वाटायचे, कारण सगळे पैसे त्याचेच होते याची ती कबुली होती.

पुढे 1838 च्या उन्हाळ्यात त्याने मालकाशी एक सौदा केला. आठवड्याला तीन डॉलर मालकाला द्यायचे. काम स्वतः शोधायचे, मजुरी स्वतः ठरवायची, खाणे, कपडे, हत्यारे, राहणे सगळे स्वतःचे स्वतः पाहायचे. बाकी मालक ढुंकूनही बघणार नाही. हॉब्जची फूटपट्टी लावली तर त्या काही महिन्यांत डग्लस जवळजवळ स्वतंत्र होता. कुठे राहतो, कुणाकडे काम करतो, कुणाशी बोलतो, कुणी विचारत नव्हते. मग एका शनिवारी तो बाल्टिमोरपासून दहा-बारा मैलांवर भरलेल्या धार्मिक मेळाव्याला गेला आणि तीन डॉलर द्यायला उशीर झाला. मालक भडकला. माझी परवानगी न घेता शहराबाहेर गेलासच कसा? त्या क्षणी सौदा संपला. हत्यारे आणि कपडे उचलून घरी ये, म्हणून हुकूम झाला. महिनोन्महिने मिळालेली मोकळीक एका वाक्याने नाहीशी झाली, कारण ती मुळात डग्लसची नव्हतीच. मालकाची होती, आणि मालकाने ती तात्पुरती वापरायला दिली होती. 3 सप्टेंबर 1838 रोजी डग्लस पळाला.

आता महाराष्ट्रात येऊ. 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, मुंबई सरकारने वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. वतनाचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. पाटील-कुलकर्ण्यांची वतने त्यात आली तशी महारांचीही आली. म्हणजे जी ताबेदारी तोवर रूढीने चालत होती, तिला इंग्रज सरकारने कायद्याचा शिक्का दिला.

वतन हा शब्दच फसवा आहे. वतन म्हटले की मान आला, मालकी आली. आपल्यातले कित्येक जण स्वतःला अभिमानाने वतनदार म्हणवत, बावन हक्क सांगत. पण वतन चालत कसे होते ते पाहिले की मालक कोण आणि वतन कुणाचे हे कळते.

महाराने करायची कामे दोन प्रकारची. एक सरकारची : साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे, टपाल आणि सांगावे नेणे, गावात आलेल्या साहेबाची सरबराई, चावडीवर हजेरी, गावची राखण, हद्दीच्या भांडणात साक्ष. दुसरी गावाची : मेलेले जनावर ओढणे, कुणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना वार्ता पोचवणे, लाकडे फोडणे, आणि शिवाय कुणी सांगेल ते. कामाला वेळ नव्हती. रात्री-अपरात्री हाक आली तरी निघायचे. कामाची यादीही कुठे धडपणे लिहिलेली नव्हती. आणि ज्याची पाळी आहे तो घरी नसेल, तर त्याच्या बापाला, भावाला, पोराला धरून न्यायचे. बाबासाहेबांनी विधिमंडळात या गोष्टीवर बोट ठेवले होते : नोकरी एका माणसाची नव्हती, सगळ्या कुटुंबाची होती.

मोबदला तीन ठिकाणांहून यायचा. सरकारकडून मिळाले तर अगदी थोडे रोख. वतनाची इनाम जमीन, आपण जिला हाडकी हाडोळा म्हणतो ती, जी पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होऊन रुमालाएवढी उरलेली. आणि तिसरे, ज्यावर खरे पोट चालायचे ते बलुते. सुगीला प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचे आणि त्याने दिलेला वाटा घ्यायचा. शिवाय संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची.

या व्यवस्थेची कळ इथेच आहे. काम सरकारचे, पण पगार द्यायचा गावाने. सरकारने स्वतःच्या नोकराचे पोट रयतेच्या हातात देऊन टाकले होते. बलुते हा हक्क होता का? कागदावर होता. पण खळ्यावर माप शेतकऱ्याच्या हातात. किती द्यायचे, चांगले दाणे द्यायचे की मळणीचा मातेरा द्यायचा, आज द्यायचे की चार चकरा मारायला लावायच्या, हे सगळे त्याच्या मर्जीवर.

एक गाव डोळ्यांसमोर आणू. समजा साठ शेतकरी आहेत आणि महारवाड्यात दहा घरे. एखादा शेतकरी रागावला आणि त्याने बलुते बंद केले, तर साठातला एक हिस्सा गेला. पोटाला चिमटा बसतो, पण माणूस मरत नाही. आता असे समजा की महारवाड्यातल्या एका पोराने शाळेत बाकावर बसायचा हट्ट धरला, किंवा सगळ्यांनी मिळून मेलेले ढोर ओढायचे नाही असे ठरवले. रात्री चावडीवर बैठक बसते. सकाळी साठच्या साठ खळी बंद. वाण्याचे दुकान बंद, कारण वाणीही गावातच राहतो. मजुरी बंद. जनावरांना चरायला रान बंद. दहा घरे एकाच सकाळी संपली.

आता हॉब्ज आणि बेंथमला विचारा : इथे कुणाच्या स्वातंत्र्यात कुणी हस्तक्षेप केला? कुणीही नाही! शेतकऱ्याने फक्त आपले धान्य आपल्याकडे ठेवले. वाण्याने आपला माल विकला नाही. बागाईतदाराने दुसरा गडी लावला. प्रत्येकाने फक्त आपापले स्वातंत्र्य वापरले. कुणाला हात लावला नाही, कुणाला कोंडले नाही. आणि उलट सरकारने या साठ जणांना धान्य द्यायची सक्ती केली, तर तो मात्र हस्तक्षेप, तो स्वातंत्र्यावर घाला! ज्या व्याख्येतून असा निष्कर्ष निघतो, ती व्याख्या कुणाच्या घरात बसून लिहिली गेली हे सांगायची गरज नाही.

आणि ज्या वर्षी बहिष्कार पडला नाही त्या वर्षाचे काय? पेटिटच्या मांडणीचे मोल इथे कळते. बहिष्कार पडला नाही, कारण कुणी हट्ट धरला नाही. हट्ट धरला नाही, कारण काय होईल हे ठाऊक होते. पाटलाला काठी उचलावी लागली नाही, म्हणून तो देवमाणूस ठरला. ज्याच्या हातात साठ खळ्यांच्या किल्ल्या आहेत, त्याला आवाज चढवायची गरजच काय? त्याची चांगुलपणाची कीर्ती महारवाड्याच्या गप्प राहण्यावर उभी होती. अशा ठिकाणी ताबेदारी ओळखायची कशी, तर ती माणसाच्या वागण्यात दिसते. बोलण्याआधी तो समोरच्याचा चेहरा वाचतो. नवे धोतर घेतले तर ते गावाबाहेर गेल्यावरच नेसतो. हक्काचे धान्य घेताना 'मायबाप' म्हणतो. वाकून 'जोहार' घालणे हा हस्तक्षेपाचा पुरावा नसेल, पण मर्जीखाली असल्याचा तो रोजचा दाखला होता. म्हणूनच 'जोहार' जाऊन 'जय भीम' आले, हा केवळ नमस्काराचा बदल नव्हता.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी महार आणि त्यांचे वतन या विषयावर लिहिले आणि 19 मार्च 1928 रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या विधेयकाचा रोख पाहिला तर हा माणूस कशावर घाव घालतो आहे ते दिसते. 'महारांशी दयेने वागा' असे एक कलम त्यात नाही. ज्यांना वतनाच्या चाकरीतून सुटायचे आहे त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून सुटता यावे आणि जमीन त्यांच्याकडेच राहावी. बलुत्याचे पैशात रूपांतर करून ते सरकारने साऱ्याबरोबर वसूल करावे आणि महारांना द्यावे. आणि कामे कोणती, कुणाची, हे ठरवून द्यावे. एवढेच.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे. बलुते तितकेच राहणार होते, शेतकऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कमही तीच. बदलणार होते ते फक्त देणाऱ्याचा हात. खळ्यावरच्या शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीतून, ठरल्या तारखेला, ठरली रक्कम. हस्तक्षेपाच्या हिशेबाने यात सरकारी हस्तक्षेप वाढतो, म्हणजे स्वातंत्र्य कमी होते. मर्जीच्या हिशेबाने मात्र इथे साठ मालक एका झटक्यात नाहीसे होतात. जो महार बलुत्यासाठी आता कुणाच्या खळ्यावर उभा राहणार नाही, त्याच्या पोराला शाळेतून उठवायला साठ जणांकडे काय उरते? एका प्रशासकीय दुरुस्तीत बाबासाहेबांनी अख्खी चावडी निःशस्त्र करायचा बेत केला होता.

विरोध झाला तो याचसाठी. धान्य द्यायला लागू नये म्हणून विरोध असता तर तो समजण्यासारखा होता, पण धान्य तर तितकेच होते. जाणार होती ती मर्जी. सरकारलाही फुकटातला नोकर सोडवत नव्हता. आणि हे कबूल केले पाहिजे की आपल्यातल्याही काहींना वतन जाईल या भीतीने झोप येईना. उद्या बलुते गेले आणि सरकारी पैसेही आले नाहीत तर? ही भीती मूर्खपणाची नव्हती. जो कायम दुसऱ्याच्या मर्जीवर जगला त्याला माहीत असलेली मर्जी अनोळखी कायद्यापेक्षा भरवशाची वाटते. 1929 मध्ये बाबासाहेबांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. लढा मात्र सुटला नाही. 1937 नंतर विधानसभेत, डिसेंबर 1939 मध्ये हरेगावच्या वतनदार परिषदेत तो प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला.

बहिष्काराचे शस्त्र किती सर्रास वापरले जात होते याची नोंद सरकार दरबारीही आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. 1930 च्या तिच्या अहवालात लिहिले आहे की अस्पृश्य हे जमिनीसाठी, मजुरीसाठी आणि गावकीच्या मोबदल्यासाठी सवर्णांवर अवलंबून असल्यामुळे बहिष्कार टाकला की ते हतबल होतात. कारणे काय? कुणी सार्वजनिक विहिरीवर गेले, कुणी जमीन विकत घेतली, कुणी चांगले कपडे घातले, कुणी नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात नेली. 1935 मध्ये गुजरातमधल्या कविठा गावात मुलांना सरकारी शाळेत घालण्यावरून असाच बहिष्कार पडला आणि विहिरीत रॉकेल ओतले गेले. 'जातिभेद निर्मूलन'मध्ये या गावाचा उल्लेख आहे. तिथे सरकारने शाळेचे दार बंद केले नव्हते, दार उघडेच होते. महाडचे चवदार तळेही सत्याग्रहाच्या आधी नगरपालिकेच्या ठरावाने खुलेच झाले होते. कायदा आडवा नव्हता. तरी 20 मार्च 1927 पर्यंत पाण्याला हात लागला नाही.

म्हणून पहिल्या गोलमेज परिषदेत, 1930 साली, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी मागण्यांची योजना दिली, तिच्यात मतदान आणि प्रतिनिधित्वाबरोबर एक वेगळीच मागणी होती : सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना त्यांनी घेतला होता. स्वातंत्र्य म्हणजे हस्तक्षेप नसणे असे मानणाऱ्याला ही मागणी कळूच शकत नाही. माल न विकणे हा गुन्हा कसा? पण ज्याला मर्जी कळली त्याला कळते की एकेकट्याचे न विकणे आणि अख्ख्या गावाचे ठरवून न विकणे यांत काय फरक आहे.

याच धाग्यावर 1947 चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचायला हवे. राज्याने अर्थव्यवहारात पडू नये, म्हणजे लोक स्वतंत्र राहतील, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेब विचारतात : राज्य बाजूला झाले की ते स्वातंत्र्य कुणाला मिळते? जमीनदाराला खंड वाढवायचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करायचे. राज्याच्या ताब्यातून सुटका म्हणजे खासगी मालकाची हुकूमशाही. ज्याला उद्याच्या भाकरीची खात्री नाही तो मूलभूत हक्क सोडून देऊन नोकरी पत्करतो, हेही त्यांनी तिथे दाखवले. पेटिटच्या पुस्तकाआधी पन्नास वर्षे.

राज्यघटनेतही हा विचार उतरला आहे. सर्वसाधारणपणे मूलभूत हक्क हे राज्याविरुद्ध असतात. पण कलम 15 चा दुसरा भाग दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी, रस्ते यांबाबत खासगी माणसालाही बांधतो. कलम 17 अस्पृश्यता पाळणाऱ्या कुणालाही बांधते. कलम 23 वेठबिगार घेणाऱ्या कुणालाही. कारण दलितांवरची मालकी दिल्लीत नव्हती, शेजारच्या वाड्यात होती. 2015 च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार टाकणे हा, टाकण्याची धमकी देणे हासुद्धा, गुन्हा म्हणून आला. 'धमकी' हा शब्द महत्त्वाचा. बहिष्कार पडण्याआधीच मर्जीला हात घालणारा तो शब्द आहे.

आता कुणी म्हणेल, मग सगळेच एकमेकांवर अवलंबून असतात, सगळेच गुलाम का? नाही. एसटीच्या गाडीत आपण कंडक्टरवर अवलंबून असतो. पण गाडीत जागा आहे, खिशात पैसे आहेत, तर त्याला तिकीट द्यावेच लागते. त्याचा मूड कसा आहे, आपली आळी कोणती आहे, काल आपण कुणाच्या मोर्चात होतो, याने फरक पडत नाही. दिला नकार, तर डेपोत तक्रारवही आहे. गावात एकच खासगी जीप असेल आणि ती पाटलाच्या पुतण्याची असेल, तर त्याच रस्त्यावर, त्याच भाड्यात, आपण त्याच्या मर्जीवर प्रवास करतो. तो आजवर कधी नाही म्हणाला नसेल, तरीही. अवलंबून असणे वेगळे आणि मर्जीखाली असणे वेगळे.

वतने शेवटी गेली. 1958 मध्ये मुंबई राज्याने कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून तो लागू झाला. बाबासाहेब तेव्हा नव्हते. चाकरी संपली. जमिनी ठरलेली रक्कम भरून वारसांना परत देण्यात आल्या, पण नव्या शर्तीवर. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत. आज सातबाऱ्यावर वर्ग 2 म्हणून जी नोंद दिसते ती यातूनच आलेली.

या शर्तीवर आपल्यात दोन मते आहेत आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसे आहेत. काही म्हणतात, ही शर्त म्हणजे आमच्या मालकीवरचा हस्तक्षेप. बाकीच्यांच्या जमिनी मोकळ्या आणि आमच्याच का बांधलेल्या? आम्हाला हे पुरते पटत नाही. शर्त नसती तर सावकाराने आणि बड्या बागाईतदाराने हाडकी हाडोळा पहिल्या दुष्काळातच गिळला असता. नियमाने घातलेले कुंपण दर वेळी दास्य नसते. पण मर्जीची फूटपट्टी लावली की खरी तक्रार दिसते आणि ती शर्तीबद्दल नाही, परवानगीबद्दल आहे. परवानगी कोणत्या कारणासाठी मिळेल, किती दिवसांत मिळेल, नाकारली तर कारण लेखी मिळेल का, अपील कुठे, हे अर्जदाराला आधी ठाऊक असेल, तर तो कायद्याखाली आहे. ते ठाऊक नसेल तर खळे फक्त गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलले. लेकीच्या शिक्षणासाठी वीस गुंठे विकायला निघालेला वतनदाराचा नातू फाइल काखेत घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात तिसऱ्यांदा उभा असतो. आतून शिपाई बाहेर येतो आणि अगदी आपुलकीने सांगतो, "आज नको, साहेब जरा वेगळ्या मूडमध्ये आहेत. सोमवारी बघू."